‘माझा बैल वापस कर’

*ताई, नमस्कार. माझा मुलगा पाचवीत आहे, दहा वर्षांचा. घरातली लाडाची नावंच लिहिते: माझा लेक छोटू, त्याचा दोस्त गोलू. पहिलीपासून दोघं एकाच बाकावर. गोलूच्या बाबांची बदली कोल्हापूरला झाली. शनिवारी ऑर्डर आली, येत्या रविवारी ते निघताहेत. गोलूची आई माझी चांगली मैत्रीण आहे. रविवारी सकाळी तिचा फोन आला, तो ठेवल्या ठेवल्या मी छोटूला सांगितलं. तो काहीच बोलला नाही. काल म्हटलं, गोलूला एक छान चिठ्ठी लिही. त्यानं हे लिहिलं:*

*‘गोलू तू कोल्हापूरला जाऊन राहिला. तू मला सांगितलं पन नाही. तू चीटर आहे. माझा बैल वापस कर. आता मी कोनाबरोबर डबा खाऊ. छोटू.’*

*वाचून मला कसंतरीच झालं. मग मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं: ‘प्रिय मित्रा, तू कोल्हापूरला जात आहेस याचे मला खूप वाईट वाटते. आपली मैत्री सदैव अशीच राहो. तुझ्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’ म्हटलं, हे चांगल्या अक्षरात उतरवून काढ. त्यानं वाचलं आणि म्हणाला, ‘हे तूच दे त्याला.’ आता चिठ्ठीचं नाव काढलं की उठून जातो. त्याच्या चिठ्ठीत तर देण्यासारखं काहीच नाही. काय करू?*

*– एक आई, नागपूर*

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी मिळालं. सदर छापून येईपर्यंत गोलू कोल्हापूरच्या शाळेत जायलाही लागला असता, म्हणून मी त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तेव्हा बोललो ते आणि पुढे तुमच्या घरी जे झालं ते, तुमच्या परवानगीनं इथे लिहिते आहे. बदल्या काही तुमच्याच ओळखीत होत नाहीत. बँक, रेल्वे, वीज, कोळसा, नागपुरात दर दोन घरांआड कुणीतरी कुठूनतरी आलेलं असतं आणि कुठेतरी निघालेलं असतं.

छोटूच्या चिठ्ठीत देण्यासारखं काहीच नाही, हे मला पटलं नाही. मी चौथी-पाचवीला बरीच वर्षं शिकवलं, मुलांच्या निरोपाच्या चिठ्ठ्या ढिगानं वाचल्या. त्यातल्या बहुतेक तुमच्या कागदासारख्या होत्या, आणि त्याला मीच जबाबदार होते. एकदा वर्गातली एक मुलगी वर्षाच्या मध्येच नाशिकला गेली. मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या आणि सगळ्या वर्गाला म्हटलं, हे उतरवा, खाली आपलं नाव घाला. चाळीसेक चिठ्ठ्या झाल्या. मुलीनं पहिली वाचली, दुसरी वाचली, तिसरी उघडून नुसतं खालचं नाव पाहिलं, आणि बाकीच्या गठ्ठ्याला रबर लावून दप्तरात टाकल्या. मी तिथेच उभी होते. ते रबर लावणं मला अजून दिसतं.

छोटूची चिठ्ठी पाच वाक्यांची आहे. त्यातला एकच शब्द अडचणीचा, ‘चीटर’. एका वाक्याची आधी चौकशी करायला हवी होती. एक वाक्य चिठ्ठीत नको, तोंडानं बोलायला हवं. आणि दोन वाक्यांना हातही लावायचा नाही. तुम्ही पाचही पुसलीत.

चौकशीचं वाक्य म्हणजे ‘तू मला सांगितलं पन नाही’. मूल असं लिहितं तेव्हा ते खरं आहे का, हे आधी बघावं, मग शब्दांकडे वळावं. मी तुम्हाला फोनवर विचारलं, गोलूला स्वतःला कधी कळलं? तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही त्याच्या आईला विचारलंत. शनिवारी रात्री उशिरा ऑर्डर हातात पडल्यावर घरात बोलणं झालं, गोलू तेव्हा झोपला होता, त्याला रविवारी उठल्यावर सांगितलं. आणि तास-दोन तासांत तिनं तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही फोन ठेवल्या ठेवल्या छोटूला सांगितलंत. म्हणजे गोलूनं सांगितलं नाही यात गोलूचा काही दोष नव्हता. त्याला सांगायला वेळच मिळाला नाही, कारण आपण मोठी माणसं त्याच्या आधी पोचलो. सोमवारी तो वर्गात आला तेव्हा छोटूला सगळं माहीत होतं आणि तो तोंड फिरवून बसला होता. मग गोलू काय सांगणार?

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर मैत्रिणीला एवढंच विचारा, ‘गोलूला स्वतः सांगायचं आहे का?’ एक दिवस थांबायला काही लागत नाही. दहा वर्षांच्या मुलांत ‘मला आधी सांगितलं’ हीच मैत्रीची मोजपट्टी असते. आपल्याला ती बारीक वाटते, कारण आपल्या मोजपट्ट्या बदलल्या.

छोटूला हे सांगायचं कसं? तुम्ही विचारलंत, समजावून सांगू का. मी म्हटलं, समजावू नका, नुसती बातमी द्या, जशी दुधाची पिशवी आली नाही म्हणून सांगतो तशी. ‘गोलूला पण रविवारीच कळलं. त्याच्या आईनं मला लगेच सांगितलं आणि मी तुला. त्याला सांगायला मिळालंच नाही. ते माझ्यामुळे झालं.’ आणि पुढे ‘म्हणून आता त्याच्यावर रागावू नकोस’ हे जोडायचं नाही. ते वाक्य जीभेवर येतंच, ते गिळायचं. तुम्ही गिळलंत, शाबास.

आता ‘चीटर’. असल्या शब्दावर बोट ठेवून ‘हे घाण दिसतं, खोड’ म्हटलं की मूल चिठ्ठीच सोडून देतं. तुमच्याकडे तेच झालं. राग पुसायचा नाही. तो कुणावर आहे आणि कशाचा आहे, एवढंच बघायचं. मी वर्गात एक साधी कसोटी वापरायचे. मुलाला विचारायचं, हे तो कुठे बसून वाचेल? छोटूच्या बाबतीत उत्तर सोपं होतं. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं नागपूरहून कोल्हापूरला जायला दिवस जातो आणि वर एक रात्र. गोलू ती चिठ्ठी वर्ध्याला वाचेल, अकोल्याला पुन्हा काढेल, मनमाडला अंधारात तिसऱ्यांदा वाचेल. समोरासमोर ‘चीटर’ म्हटलं तर तो ‘तूच चीटर बे’ म्हणून मोकळा होतो, दोन मिनिटांत दोघं हसतात. कागदावरच्या चीटरला गाडीत उत्तर देता येत नाही. ते प्रत्येक वाचनाला नव्यानं लागतं.

तुम्ही विचारलंत, ‘हे तो गाडीत वाचेल, हो ना? मग बदली कुणी केली, गोलूनं?’ छोटू म्हणाला, ‘नाही, ऑफिसनं.’ एवढंच. तो शब्द काढ असं तुम्ही म्हटलं नाहीत, आणि तो पुढच्या कागदावर आला नाही. आला असता तर मी काय म्हटलं असतं? ‘मी चिडलो होतो’ असं ‘मी’नं सुरू होणारं वाक्य करायला सुचवा म्हटलं असतं. तू असा, तू तसा, ही वाक्यं दुसऱ्याच्या अंगावर जातात. मला असं झालं, हे वाक्य आपल्याकडेच राहतं आणि तरी सगळं सांगतं. पण यापलीकडे ढकलायचं नाही. मुलाचा राग शिल्लक असेल तर चिठ्ठीतही थोडा असू द्यावा. राग नसलेली चिठ्ठी गोलूला खोटी वाटेल, चार वर्षं बाकावर बसलाय तो त्याच्या शेजारी.

‘माझा बैल वापस कर’ वाचून तुम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटली म्हणालात. जाणाऱ्या मित्राकडे वस्तू मागायची म्हणजे काय! मला मात्र चिठ्ठीचं सगळं मोल तिथेच दिसलं. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत नेतात, घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. छोटूनं या वर्षी स्वतःचा जुना बैल गोलूला दिला होता, कारण गोलूच्या बैलाचं शिंग ऐन वेळी मोडलं. मग तो परत घ्यायचा राहिला, दिवाळी आली, राहूनच गेला. बाकावरचा मित्र हाताशी असेल तर वस्तू त्याच्या घरी असली काय नि आपल्या घरी असली काय. मित्र चालला की तीच वस्तू अचानक आपली होते. हे हावरेपण नव्हे. सगळंच जातंय, निदान बैल तरी राहू दे, असा तो हिशेब आहे.

पण हे वाक्य चिठ्ठीत नको, त्याचं कारण लाजेचं नाही, वेळेचं आहे. चिठ्ठी गाडीत वाचली जाणार, आणि गाडीतून बैल परत करता येत नाही. ज्याचं उत्तर निघण्याआधी हवं ते तोंडानं विचारायचं. उसनी वही, पैसे, मोडलेली शपथ, माफी मागायची असेल तर तीही. चिठ्ठीत तेच ठेवायचं जे उत्तराशिवाय राहू शकतं किंवा ज्याचं उत्तर पुढे महिन्यानं आलं तरी चालेल. म्हणून मी म्हटलं, छोटूला सरळ विचारा, तुला बैल खरंच परत हवाय का? हवा असेल तर उद्या शाळेत माग, गोलूची आई तो सामानात बांधायच्या आत काढून देईल. आणि हे विचारताना चेहऱ्यावर ‘नको म्हण’ असं लिहिलेलं नको. हो म्हणाला तर हो. ‘तुझी आठवण म्हणून त्याच्याकडेच राहू दे ना’ ही कल्पना आपण सुचवली तर ती आपली होते, आणि बैल गेल्यावर मुलगा रात्री रडतो. असं रडलेलं मूल मी पाहिलं आहे.

छोटूनं एक दिवस घेतला. ते पुढे येईलच.

ज्या दोन वाक्यांना हात लावायचा नाही, त्यातलं एक ‘आता मी कोनाबरोबर डबा खाऊ’. याच्यापुढे मी लिहिलेले फळ्यावरचे सगळे निरोप फिके आहेत. तुम्ही त्याला उत्तर दिलं होतंत, ‘अरे, बाकीचे आहेत ना वर्गात.’ ते वाक्य प्रश्न म्हणून लिहिलेलंच नाही, त्याला उत्तर नको. दुसरं, ‘तू कोल्हापूरला जाऊन राहिला’. तुम्ही त्याचं ‘जात आहेस’ केलंत. मी मराठीच शिकवायचे, वहीत ‘जाऊन राहिला’ आलं की मीही लाल शाई चालवायचे, निबंधात आजही चालवीन. पण ही चिठ्ठी आहे, आणि गोलू जिथे चाललाय तिथे ‘काऊन बे’ म्हणणारं कुणी नाही. तिकडची पोरं ‘काय करायलाईस’ म्हणणार. तो पहिल्या दिवशी वर्गात तोंड उघडेल आणि पोरं वळून बघतील. अशा वेळी दप्तरात एक कागद असावा ज्यावर कुणीतरी त्याच्याच बोलीत त्याच्याशी बोललंय. प्रमाणभाषा त्याला पुस्तकातून मिळेलच.

शुद्धलेखनाबद्दल तुम्ही विचारलंत, ‘पन’ आणि ‘कोना’ तरी नीट करू का? माझा नियम असा होता. नाव आणि पत्ता बिनचूक हवा. ज्या चुकीनं अर्थच बदलतो ती दाखवायची. मुलानं स्वतः विचारलं तर सांगायचं. बाकी सोडून द्यायचं. मला न-ण चुकलेला बघवत नाही, हे कबूल करते, पण चिठ्ठी तपासून परत आली की ती गृहपाठ होते, आणि गृहपाठ कुणी मित्राला देत नाही.

आता त्या संध्याकाळी बसायचं कसं, याबद्दल. अभ्यासाच्या टेबलावर नाही. समोर नाही, शेजारी. हाताला काही काम असावं म्हणून तुम्ही मटार सोलायला घेतलेत, ते उत्तम, कारण दोघांची नजर टोपलीत राहते आणि मुलाला बोलताना आपला चेहरा तपासावा लागत नाही. दहा वर्षांच्या मुलाला बोलता पुष्कळ येतं, लिहिता त्यातलं थोडंच येतं. अक्षर काढण्यातच त्याचा जीव जातो, म्हणून वाक्य आखडतात. तेव्हा आधी बोलू द्यायचं, आपण कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे टिपायचे, ‘बे’सकट. आणि ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर ‘वाईट’ किंवा ‘काही नाही’ यापलीकडे येत नाही. दिवस, जागा आणि वस्तू धरून विचारायचं. मी तुम्हाला एकच प्रश्न दिला होता: सोमवारी डब्याच्या सुट्टीत काय होईल?

तुम्ही मला नंतर सांगितलंत तसं लिहिते. छोटू आधी म्हणाला, ‘काही नाही.’ तुम्ही गप्प राहिलात. पाच-सहा शेंगा सोलून झाल्या. मग म्हणाला, ‘त्याच्या डब्यात पोहे असले की तो तर्री वेगळ्या डबीत आणते.’ मग, ‘एकदा मी त्याची तर्री सांडवली. बाकावर, मॅडमच्या वहीवर पण. मॅडमनं विचारलं कोण, तर तो उभा राहिला.’ तुम्ही विचारलंत, ‘मग?’ ‘मग त्याला बाहेर उभं केलं.’ आणि बऱ्याच वेळानं, ‘मी थँक्यू नाही म्हटलं त्याला.’

तुम्ही टिपत होतात. तो म्हणाला, ‘हे काऊन लिहून राहिली?’ तुम्ही म्हणालात, ‘तुला लागलं तर घे, नाही तर फेकून दे.’ दहा वर्षं आई असूनही ही गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती म्हणालात. माहीत नसणारच. पण बघा, ‘आपली मैत्री सदैव अशीच राहो’ या वाक्यात ही मैत्री कुठेच नव्हती. ती त्या डबीत होती.

एक गोष्ट तुम्ही घालायला निघाला होतात ती मी थांबवली: ‘आपण रोज व्हिडिओ कॉल करू.’ दोघांकडे स्वतःचा फोन नाही. म्हणजे हे वचन तुमचं आणि गोलूच्या आईचं, ते मुलांच्या नावावर कशाला? पहिले आठ दिवस होतं, मग एकाचा क्लास, एकाचं जेवण, मग कॉल राहतो आणि दोघांना वाटतं समोरच्यानं मोडलं. मुलाला जे स्वतःच्या हातानं करता येईल तेवढंच लिहू द्या. आणि चिठ्ठीत एक असा प्रश्न असू द्या ज्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. ‘मला विसरणार तर नाहीस?’ असला नको, त्याला उत्तर देताना मोठ्यांचीही पंचाईत होते. दोन्ही शाळा राज्य मंडळाच्या आहेत, म्हणजे बालभारतीची पुस्तकं इथे तीच नि तिथे तीच. वर्षाच्या मध्ये शाळा बदलण्याची एवढी एक सोय आहे. कोण कुठल्या धड्यावर आहे, हे दोन पाचवीतल्या मुलांना खरोखरच जाणून घ्यावंसं वाटतं, विशेषतः आपण पुढे असलो तर.

बुधवारी रात्री छोटूनं स्वतःच कागद मागितला. हे त्यानं लिहिलेलं, तुम्ही फोटो पाठवला तसंच उतरवते:

‘गोलू,
तू कोल्हापूरला जाऊन राहिला हे मला आईनं सांगितलं. तू नाही सांगितलं म्हनून मला खूप राग आला. मग कळलं तुला पन रविवारीच कळलं.
मी तुझी तर्री सांडवली तेव्हा तू उभा राहिला. मी थँक्यू म्हटलं नव्हतं. थँक्यू.
आता मी कोनाबरोबर डबा खाऊ.
बैल तुझ्याजवळच ठेव. मागचं चाक ढिलं आहे जोरात नको ओढू. आई म्हनते तिथे तान्हा पोळा नसते. तू एकटाच काढ.
तुमचा कोनता धडा चालू आहे ते लिही.
छोटू’

तुमचा यातला वाटा किती? एक बातमी, एक प्रश्न, आणि तिकडे तान्हा पोळा नसतो ही माहिती. (कोल्हापूरकडे बेंदूर असतो, आषाढात, मातीचे बैल पुजतात. चाकाचा लाकडी बैल ओढत नेणारा गोलू एकटाच असेल, छोटूला हे भलतंच आवडलं म्हणालात.) यापेक्षा जास्त वाटा झाला की कसं ओळखायचं? कागद उलटा ठेवायचा आणि मुलाला विचारायचं, काय लिहिलंस रे? मूल साधारण त्याच शब्दांत सांगू लागलं तर चिठ्ठी त्याची. ‘तू सांगितलं ते’ असं म्हणालं तर ती आपली.

छोटूची आधीची चिठ्ठी तुम्ही जपून ठेवली आहेत, ती छोटूला द्या. ती त्याची आहे. गोलूला द्यायची नाही एवढंच.

द्यायचं कसं, यावर फार बोलायला नको. शनिवारी अर्धा दिवस शाळा, तेव्हा सुटल्यावर फाटकाबाहेर, दोघंच असताना. वर्गात सगळ्यांसमोर दिली की कुणीतरी हिसकावून मोठ्यानं वाचतं, हे ठरलेलंच. पाकीट चिकटवलेलं, वर ‘गाडीत उघड’. तुम्ही जवळ उभं राहायचं नाही, आणि फोन पर्समध्येच. चिठ्ठीचा फोटो मला पाठवलात तो छोटूला विचारून पाठवलात, म्हणून मी इथे छापते आहे, पण स्टेटसला ठेवू नका.

पाकिटात दोन पोस्टकार्डं घाला, ५० पैशांची, तुमचा पत्ता आधीच लिहिलेली. नव्या घरात गोलूची आई महिनाभर खोकी उपसत असेल, पेन सापडेल पण पोस्टात जायला सवड मिळणार नाही. पत्ता छोटूला लिहू द्या, पिनकोड मात्र तुम्ही पुन्हा पाहा. या वयात ४ आणि ९ सारखेच दिसतात, आणि नागपूरचा पिनकोड ४४० नं सुरू होतो, तिथे तीन आकड्यांत दोन चौके. पोस्टकार्ड सगळ्यांना वाचता येतं, हे छोटूला सांगून ठेवा, म्हणजे उत्तर दोनच ओळींचं आलं तर तो हिरमुसणार नाही.

सोमवारचा बाक राहिला. शनिवारीच वर्गशिक्षिकेला एक शब्द टाका की गोलूच्या जागी लगेच कुणाला बसवू नका, आणि बसवायचं तेव्हा छोटूला आधी विचारा. बहुतेक बाई ऐकतात. आठवडाभर तो डबा अर्धा परत आणेल, त्यावर बोलू नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही रोज सकाळी पोट दुखत असेल किंवा शाळेचं नाव नको झालं असेल, तर मात्र बाईंना भेटा. मग गोष्ट डब्यापुरती राहिलेली नाही.

आणि एक. तुम्ही फोन ठेवता ठेवता म्हणालात, ‘तो प्रिय मित्राचा कागद फाडून टाकते आता.’ तो पुन्हा वाचा बरं. ‘तू कोल्हापूरला जात आहेस याचे मला खूप वाईट वाटते.’ चार वर्षं त्या फाटकाबाहेर दुपारच्या उन्हात तुम्ही आणि गोलूची आई शेजारी शेजारी उभ्या राहिलात, आणि रविवारी तिचा फोन आला तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात? मी विचारलं होतं. ‘वा, कोल्हापूर छान आहे, महालक्ष्मीला येऊ आम्ही,’ असं म्हणालात. तिचा नवा पत्ता तुमच्याकडे आहे, तिसरं पोस्टकार्ड आणा. ‘प्रिय मैत्रिणी’नं सुरुवात करू नका. फाटकाबाहेर तिला ज्या नावानं हाक मारता, ते लिहा.